आरशापुढे अडलेली कथा

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितो आहे. नव्या शहरात आलेला एक तरुण, सकाळी नोकरीची मुलाखत, आणि आपण कसे दिसतो याची त्याला वाटणारी धास्ती, असा विषय आहे. मसुदा सुमारे १,८०० शब्दांचा आहे. तो आरशासमोर उभा राहतो, स्वतःला न्याहाळतो, जुन्या आठवणी येतात, मग मुलाखत होते आणि नोकरी मिळते. ज्यांनी वाचली ते म्हणतात, ‘भाषा छान आहे, पण काही घडत नाही.’ मुलाखतीचा प्रसंग वाढवावा की शेवट बदलावा?

तुमच्या वाचकांची तक्रार मला रास्त वाटते. परंतु तिचे मूळ प्रसंगांच्या कमतरतेत नाही, आणि म्हणून मुलाखत लांबवल्याने ती दूर होणार नाही. कथासंपादनाच्या कामात या विषयावरच्या कथा माझ्याकडे वरचेवर येतात आणि त्या बहुधा एकाच जागी अडतात. दिसण्याची धास्ती ही दोघांमधली गोष्ट असते: एक जण दिसतो आणि दुसरा त्याला पाहतो. तुमच्या मसुद्यात दिसणाराही तोच आहे आणि पाहणाराही तोच. तो आरशासमोर कितीही वेळ उभा राहिला तरी त्याच्या मताला छेद देणारे किंवा त्याची भीती खरी ठरवणारे कोणीच त्या खोलीत नाही. त्यामुळे घटना पुढे सरकत नाही, केवळ मनःस्थितीचे वर्णन वाढत जाते.

यावरचा उपाय तुमच्याच विषयात दडलेला आहे. नवे शहर तुम्ही कथेच्या पार्श्वभूमीसाठी घेतले आहे, म्हणजे रहदारी, उंच इमारती आणि अनोळखी गर्दी यांसाठी. खरे पाहता या कथेत नव्या शहराचे काम याहून नेमके आहे. घरी असताना हा मुलगा बाहेर पडण्यापूर्वी कोणीतरी त्याच्याकडे ओझरते पाहून ‘कॉलर नीट कर’ एवढे सांगत असे, आणि त्या एका नजरेवर आपण किती विसंबून होतो हे त्याच्या कधी लक्षातच आले नव्हते. नव्या शहराने ती नजर काढून घेतली आहे. त्याला नाक-डोळ्यांची काळजी वाटते असे तो स्वतः समजतो. परंतु ‘मी ठीक दिसतो का?’ हे विचारायला माणूसच उरलेला नाही, ही त्याची अडचण आहे. हे एकदा ठरले की कथेला प्रश्न मिळतो: तो कोणाला विचारणार? हा प्रश्न मनातच सोडवता येत नाही, त्यासाठी त्याला काहीतरी करावे लागते.

आता हे सगळे कशावर अवलंबून आहे, तेही सांगायला हवे. त्याची धास्ती तात्पुरत्या गोष्टीबद्दल आहे की कायमच्या, यावर कथेचा सारा बांधा ठरतो. बिघडलेला केशकर्तनाचा प्रयोग, दाढी करताना लागलेले पाते किंवा चुरगळलेला शर्ट या गोष्टी कथेच्या काळात बदलू शकतात, आणि त्यांच्याविषयीची भीती निम्म्याहून अधिक त्याच्या मनातच असते. परंतु तुमच्या नायकाच्या चेहऱ्यावर भाजल्याचा मोठा व्रण असेल किंवा त्याच्या रंगावरून त्याला खरोखरच डावलले जात असेल, तर पुढे मी जे सांगणार आहे त्यातले बरेचसे लागू पडत नाही. तिथे लोक खरोखर पाहतात, आणि ‘कोणाच्या लक्षातही आले नाही’ हा शेवट खोटा ठरतो. त्या कथेत नवे शहर उलटे काम करते: घरच्या माणसांनी व्रण पाहणे केव्हाच सोडून दिलेले असते आणि इथे सगळ्यांचे पाहणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तुमच्या वर्णनावरून तुमची कथा पहिल्या प्रकारची दिसते, म्हणून मी तिच्यापुरतेच बोलतो.

आरशाचा प्रसंग मी पूर्ण काढायला सांगणार नाही, पण त्याचा उपयोग बदलायला हवा. बहुतेक नवे लेखक नायकाचे रूप वाचकाला कळावे म्हणून त्याला आरशासमोर उभे करतात, आणि मग ‘उंच, सडपातळ, किंचित बसके नाक’ असे वर्णन येते. ज्याने हा चेहरा रोज पाहिला आहे तो माणूस असे काही पाहत नाही. तो आरशाकडे तपासणीसाठी जातो आणि त्याची नजर थेट त्या एका जागी जाते, जिथे त्याला खोट वाटते. बाकीचा चेहरा त्याच्यासाठी जवळपास नसतोच. म्हणून एक लांब प्रसंग ठेवण्याऐवजी आरशाकडे टाकलेल्या तीन छोट्या नजरा कथेत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि प्रत्येक वेळी त्या जागेची स्थिती आधीच्या वेळेपेक्षा निराळी असावी. वर्णन त्यातूनच होते. वाचकाला नाकाचा आकार कळला नाही तरी काही बिघडत नाही.

आरसा अपुरा पडला की आजचा कोणताही तरुण फोन हाती घेईल, आणि इथे तुम्हाला एक चांगली गोष्ट आयती मिळते. आपण आयुष्यभर आपला चेहरा आरशात, म्हणजे डावे-उजवे उलटलेला पाहतो आणि त्याच रूपाची आपल्याला सवय होते. फोनमध्ये साठवलेले छायाचित्र पुष्कळदा उलटलेले नसते, त्यामुळे भांग भलत्या बाजूला जातो आणि ओठांचा नेहमीचा तिरकसपणा एकदम नजरेत भरतो. शिवाय हाताच्या अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षाहून मोठे दिसते, कारण ते बाकीच्या चेहऱ्यापेक्षा भिंगाच्या बरेच जवळ असते. तुमच्या नायकाला यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही. त्याला एवढेच कळेल की आरशातला माणूस आणि फोनमधला माणूस एक नाहीत, आणि मुलाखत घेणाऱ्यांना यांतला कोणता दिसणार हे सांगणारे कोणी नाही. भीती वाढवण्यासाठी आठवणींचा परिच्छेद लिहिण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते, कारण इथे त्याने एक कृती केली आणि तिच्यामुळे त्याची स्थिती आणखी बिघडली.

आता मी एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून दाखवतो. ते तुम्ही जसेच्या तसे घ्यावे असा आग्रह नाही. मला त्यातली जोडणी दाखवायची आहे. मुलाखत साडेदहाला आहे आणि त्याला सव्वानऊला खोली सोडायची आहे. आठच्या सुमारास तो दाढी करतो. मुलाखत आहे म्हणून नेहमीपेक्षा जास्त गुळगुळीत व्हावी यासाठी तो पाते उलट्या दिशेने फिरवतो आणि जबड्याखाली लहानसे कापते. चेहऱ्याच्या त्वचेत बारीक रक्तवाहिन्या दाट असतात आणि नुकत्याच वापरलेल्या गरम पाण्याने त्या रुंदावलेल्या असतात, त्यामुळे जखम क्षुल्लक असूनही रक्त चटकन थांबत नाही. तो कागदाचा कपटा दाबून धरतो, दर मिनिटाला काढून पाहतो, आणि काढताना प्रत्येक वेळी जमू लागलेली खपली कपट्याबरोबर निघून येते. दाबून ठेवून पाहायचे नाही, एवढाच उपाय होता. पण न पाहणे त्याला जमत नाही. त्याचा स्वभाव इथे एका कृतीतून कळतो, आणि ‘तो फार चिंताग्रस्त होता’ हे वाक्य लिहिण्याची गरज उरत नाही.

साडेआठला रक्त थांबते. तो पांढरा शर्ट घालतो, गळ्याची गुंडी लावण्यासाठी मान वर करतो, कातडी ताणली जाते आणि एक थेंब कॉलरवर पडतो. आता धास्तीला आकार आला, जागा आली आणि तिच्यामागे घड्याळही लागले. वाचक लगेच विचारेल की हा दुसरा शर्ट का घालत नाही. त्याचे उत्तर आधीच, सहज वाटेल अशा ठिकाणी देऊन ठेवावे: दुसरा शर्ट प्रवासात अंगावर होता आणि तो भिजवून वाळत टाकलेला आहे. खोलीतला सोबती रात्रपाळी करून झोपला आहे, आणि त्याला उठवून शर्ट मागण्याइतकी ओळख अजून झालेली नाही. असे प्रश्न मोकळे राहिले तर वाचकाचा विश्वास उडतो, आणि मग पुढची चांगली वाक्येही वाया जातात.

घाईत तो कॉलर गरम पाण्याखाली धरतो, कारण गरम पाण्याने जास्त स्वच्छ होते अशी त्याची समजूत आहे. रक्तात प्रथिने असतात. उष्णतेने ती गोठून धाग्यात घट्ट बसतात, म्हणून ताजा डाग गार पाण्याने आणि न चोळता काढायचा असतो. गरम पाण्याने लाल रंग जातो, पण फिकट तपकिरी कडा उरते. त्याच्या घरात ही माहिती असलेले माणूस आहे. म्हणून तो फोन करतो, आणि तुमच्या मसुद्यातल्या आठवणींचे काम माझ्या मते या सहा ओळींत होते:

‘आई, पांढऱ्या कपड्यावरचा डाग कशाने जातो गं?’

‘कसला डाग?’

‘असाच. थोडंसं रक्त.’

‘रक्त? कुठे लागलं? खरं सांग मला.’

‘काही नाही गं, दाढी करताना. तू फक्त सांग ना.’

‘आवाज का असा येतोय तुझा?’

गार पाणी वापर, हे ती शेवटी सांगते, पण तोवर कॉलर गरम पाण्यातून निघालेली असते आणि उरलेली पाच मिनिटे तिला समजावण्यात जातात. इथे आई प्रेमळ आहे असे कोठेही म्हटलेले नाही, घराची ओढ हा शब्दही आलेला नाही. तरीही त्याला जी नजर हवी होती ती फोनवरून मिळत नाही हे वाचकाला कळते. तिला त्याचा आवाज ऐकू येतो, कॉलर दिसत नाही. व्हिडिओ कॉल का करत नाही, असे कोणी विचारील. केल्यास तिला जबड्यावरचा काप दिसेल, म्हणून तो करत नाही. जे दाखवायला हवे तेच लपवावे लागणे ही या प्रसंगातली खरी अडचण आहे, आणि ती तुम्ही थोडी रेंगाळू दिली तरी चालेल.

निवेदनाबद्दलही एक गोष्ट. तुमचा मसुदा प्रथमपुरुषी आहे की तृतीयपुरुषी, हे तुम्ही लिहिलेले नाही. मी तृतीयपुरुषी पण नायकाला अगदी चिकटून चालणारे निवेदन सुचवीन, कारण प्रथमपुरुषात हा तरुण स्वतःच्या भीतीचे स्पष्टीकरण देऊ लागतो आणि हुशार वाटू लागतो. ‘आपल्याला डाग दिसत असल्यामुळे तो सगळ्यांनाच दिसेल अशी भीती त्याला वाटत होती’ हे वाक्य बाहेर उभे राहून लिहिलेले आहे. त्याऐवजी असे करून पाहा: ‘डाग गेला होता. जवळजवळ गेलाच होता. खिडकीजवळ उभे राहिले तरच दिसत होता, आणि मुलाखतीच्या खोलीत खिडकी असणारच.’ इथे निवेदकाने ‘त्याला वाटले’ असे एकदाही म्हटलेले नाही, तरी शेवटचे वाक्य लेखकाचे नाही, त्या मुलाचे आहे. अशा दोन-तीन जागा पुरतात. प्रत्येक परिच्छेदात हे केले की धाप लागल्यासारखे वाटते.

तर मग तो विचारतो कोणाला? माझ्यासमोर दोन शक्यता येतात. पहिली, प्रतीक्षाकक्षातला दुसरा उमेदवार. त्याच्या शर्टची गुंडी चुकीच्या काजात लागली आहे आणि आपल्या नायकाला ती दिसते. सांगावे तर स्पर्धकाला मदत होते. ही जागा नाट्यमय आहे, पण तिथे कथा चांगुलपणाच्या परीक्षेकडे वळते. नायकाने सांगितले तर तो भला ठरतो, नाही सांगितले तर कोता, आणि दिसण्याचा मूळ प्रश्न बाजूला पडतो. म्हणून मी दुसरी शक्यता निवडीन. इमारतीच्या दाराशी प्रवेशपत्र देणारा सुरक्षारक्षक ओळखपत्र मागतो, त्यावरचे छायाचित्र पाहतो, मग वर मान करून चेहरा पाहतो आणि पुन्हा छायाचित्र पाहतो. या शहरात त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहणारा हा पहिला माणूस आहे, आणि त्याचे ते पाहणे केवळ कामाचे आहे. चेहरा चांगला की वाईट याच्याशी त्याला देणेघेणे नाही. तो छायाचित्राशी जुळतो की नाही एवढेच त्याला ठरवायचे आहे. आपला नायक मात्र त्या दोन-तीन क्षणांत स्वतःला नापास करून टाकतो आणि त्याच्या तोंडून प्रश्न निसटतो:

‘कॉलरवर काही दिसतंय का?’

‘कुठं?’

‘इथं. या बाजूला.’

‘ओलं आहे. पाऊस लागला काय?’

रक्षकाला डाग दिसत नाही, ओल दिसते. नायकाने सकाळभर ज्याची भीती बाळगली ते कोणाला दिसलेच नाही, आणि ते लपवताना जे झाले ते मात्र पहिल्या नजरेत दिसले. रक्षकाने ‘काही नाही, छान दिसता’ असे म्हटले असते तर कथा तिथेच विझली असती, कारण दिलासा देणारा अनोळखी माणूस ही अशा कथांमधली फार स्वस्त सोय आहे. त्याने चुकीचा पण प्रामाणिक अंदाज करावा. या एका उत्तरासाठी मी बाकी सगळी मांडणी केली आहे, आणि म्हणूनच शर्ट ओला करण्याचा प्रसंग आधी नीट घडलेला असायला हवा.

मुलाखतीचा प्रसंग यानंतर फारच थोडा लागतो. तो लिहिताना तुम्हाला एक माप हाताशी असलेले बरे, म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाजिरवाणे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता की जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल. प्रत्यक्षात ते सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आले होते. ही माहिती कथेत कोणाच्याही तोंडी घालू नका. तिचा उपयोग एवढाच की मुलाखत घेणाऱ्यांच्या नजरा कुठे जातात ते तुम्ही आधी ठरवावे आणि नायकाला त्या चुकीच्या वाचू द्याव्यात. मधल्या बाई त्याच्या अर्जाकडे पाहतात, कडेचे गृहस्थ घड्याळाकडे, तिसरा माणूस बंद न होणाऱ्या दाराकडे. नायकाच्या हिशेबात तिन्ही नजरा कॉलरवरून निघालेल्या असतात. वाचकाला घड्याळ आणि दार दोन्ही दिसत असल्यामुळे त्याला फरक कळतो आणि तुम्हाला तो समजावून सांगावा लागत नाही. मात्र तीनपैकी एकाच्या तरी ती ओल लक्षात यावी आणि त्याने काही न बोलता पुढचा प्रश्न विचारावा. सगळेच आंधळे असले तर तेही खोटे वाटते.

आता शेवट. नोकरी मिळाली हे काढावे, आणि ‘नाही मिळाली’ असेही करू नये. दोन्हींमुळे कथेला मागाहून एक निकाल चिकटतो: मिळाली तर दिसण्याला महत्त्व नव्हते, नाही मिळाली तर होते. कथेने असा दावा कुठेच केलेला नाही. कोणाला विचारायचे या प्रश्नाचे उत्तर दाराशीच मिळाले आहे, त्यामुळे मुलाखत चालू असतानाच, एखाद्या साध्या प्रश्नाला तो उत्तर द्यायला सुरुवात करतो त्या वाक्यावर थांबता येते. १,८०० शब्दांपैकी सुमारे हजार शब्द सकाळच्या खोलीला द्यावेत, पाचशे प्रवासाला आणि दाराशी घडणाऱ्या प्रसंगाला, आणि उरलेले मुलाखतीला. यात थोडे इकडेतिकडे झाले तरी चालेल.

दुरुस्त केलेला मसुदा पुन्हा त्याच वाचकांना न देता, ज्याने आधीचा वाचलेला नाही अशा एखाद्याला द्यावा आणि वाचून झाल्यावर ‘पुढे काय झाले असेल?’ असे आपणहून विचारू नये. त्यानेच ‘मग नोकरी मिळाली का?’ असे विचारले, तर मुलाखत अजून प्रमाणाबाहेर मोठी राहिली आहे, तिथले शब्द कमी करावेत. त्याने रक्षकाबद्दल किंवा आईच्या फोनबद्दल काही विचारले, तर मसुद्याला हात लावू नये.